मागचे दोन खांब

त्रिवेणी बिरादार हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या त्या इमारतीत पोचली तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बाहेर गल्लीत लावून झाल्या होत्या आणि खांबांच्या मधे प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. रविवारची सकाळ होती. सभा पार्किंगमध्येच ठेवायची कल्पना सेक्रेटरी सुधाकर राव यांची. वर कुणाच्या हॉलमध्ये एवढी माणसं मावली नसती, हे त्याचं साधं कारण. पण त्यामुळे ज्या खांबांबद्दल बोलायचं होतं, लोक त्यांनाच टेकून बसणार होते, आणि हे त्रिवेणीला फारसं पसंत नव्हतं.

ती एकोणपन्नास वर्षांची होती. सिकंदराबादच्या एका छोट्या फर्ममध्ये बावीस वर्षं जुन्या इमारतींची तपासणी करत होती. वडील उदगीरकडचे, अफझलगंजात धान्याच्या आडतीवर नोकरीला आलेले. घरात मराठी, गल्लीत दखनी, शाळेत आधी मराठी आणि पुढे तेलुगू, कॉलेजात इंग्रजी, अशा चार भाषांत ती वाढली. फर्मचे मालक विवेक केळकर पुण्याचे. हिशेब पक्का, अहवाल रेखीव, पण रहिवाशांसमोर उभं राहायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. सुरुवातीला ते स्वतः स्लाइड दाखवत आणि शेवटी म्हणत, "आता प्रश्न त्रिवेणी घेईल." हळूहळू त्यांनी येणंच सोडलं. फर्ममध्ये तो रिवाजच होऊन गेला. वाईट बातमीचा कागद केळकर तयार करत आणि ती ऐकून चिडलेल्या माणसांना त्रिवेणी सामोरी जाई. या कामाचा थकवा कधीच पुरता जात नसे. रात्रभर झोप झाली तरी सकाळी उठल्यावर तो खांद्यात तसाच असे.

आज तिच्यासोबत कौस्तुभ आला होता. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला, हुशार, संगणकावर झपाझप काम करणारा. स्लाइड त्यानेच केल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी निघायच्या घाईत त्रिवेणीने त्या फोनवरच चाळल्या आणि "ठीक आहेत" असं कळवून टाकलं.

इमारत चार मजल्यांची, चाळीसेक वर्षांची. खाली पार्किंग, त्यात अठरा खांब. रस्त्याकडचे चार खांब वाईट अवस्थेत होते. गिलावा फुगून सुटला होता, आतल्या सळया गंजून जाड झाल्या होत्या आणि त्यांनीच काँक्रीट बाहेर ढकललं होतं. त्रिवेणीला सभेकडून दोनच गोष्टी हव्या होत्या. त्या खांबांभोवतीच्या तुळयांना याच आठवड्यात लोखंडी टेकू लावायला मंजुरी, आणि गच्चीवरची पाण्याची मोठी टाकी रिकामी करून खाली छोट्या टाक्यांवर भागवायला मंजुरी. आज ठराव झाला नाही तर पुढची सभा सणांनंतर. तोवर ते चार खांब तसेच उभे राहणार होते, आणि वर सोळा बिऱ्हाडं.

सादरीकरण बरं झालं. टीव्हीवर फोटो दिसत होते, लोक माना पुढे काढून बघत होते. त्रिवेणी बहुतेक दखनीतून बोलत होती, मधे मधे तेलुगूतून. कोपऱ्यात बसलेल्या मराठी घरांकडे बघून दोन वाक्यं मराठीतही. शेवटून दुसऱ्या स्लाइडवर इंग्रजीत लिहिलं होतं की सगळ्या अठरा खांबांची पाहणी केली आहे. ती स्लाइड आली आणि गेली.

"प्रश्न?" सुधाकर राव म्हणाले, आणि घड्याळाकडे पाहिलं.

पहिल्या रांगेतून नामदेवराव सूर्यवंशी उठले. रेल्वेतून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या आसपासचे, पांढरा पायजमा आणि वर इस्त्रीचा शर्ट. पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला राहात. त्रिवेणी तपासणीला आली होती तेव्हा तीन दिवसांत ते एकदाही खाली आले नव्हते. मात्र वरच्या गॅलरीतून रोज बघत होते, हे तिला आठवलं.

"बाई, एक विचारू का?"

"विचारा ना काका."

"तुमच्या पडद्यावर आलं, सगळे खांब पाहिले. मागच्या बाजूला ती कुलूपबंद खोली आहे. माझ्या घराच्या बरोबर खाली. त्यात दोन खांब आहेत. तुम्ही त्या खोलीत कधी गेला होतात? मी तर कुलूप उघडलेलं पाहिलं नाही. का आमचे खांब खांब नाहीत?"

मागून कुणीतरी हसलं.

इथे त्रिवेणीने नेहमीप्रमाणे एक गोष्ट केली. चार भाषांच्या खोलीत प्रश्न एका भाषेत आला की दुसऱ्या भाषेत तो पुन्हा सांगायचा, म्हणजे सगळ्यांना कळतो आणि आपल्यालाही विचार करायला उसंत मिळते. ही तिची जुनी पद्धत, आणि चांगली पद्धत. पण वर्षानुवर्षं हे करताना तिला एक सवय लागली होती. प्रश्न पुन्हा सांगताना ती त्यातला राग काढून टाकत असे, आणि रागासोबत कधी कधी प्रश्नही निघून जाई.

ती सभेकडे वळून दखनीत म्हणाली, "अंकल पूछ रहे हैं के टेस्टिंग का तरीका क्या था, खंबे कैसे चुने."

"तरीका नहीं पूछे मैडम," दुसऱ्या मजल्यावरच्या फरहाना बेगम बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. त्या आणि नामदेवरावांची पत्नी मालनबाई तीस वर्षांच्या शेजारणी. फरहाना बेगमना मराठी बोलता येत नसे, पण कळत सगळं होतं. "उन्हों पूछे, उस कमरे में गए थे क्या. गए के नहीं, इत्ताच बोलो."

या वेळी हसण्यात बरेच जण सामील झाले. या सभेत कुठल्याही भाषेतलं काहीही कुणापासून लपत नव्हतं. तेलुगू घरांना मराठी कळत होती, मराठी घरांना तेलुगू, आणि दखनी तर सगळ्यांचीच. त्रिवेणीने अनुवाद केला होता तो अशा लोकांसाठी, ज्यांना तो नको होता.

नामदेवराव हसले नाहीत. "मला सांगा बाई, मी विचारलं एक आणि तुम्ही सांगितलं भलतंच. माझ्या तोंडासमोर. मग तुमच्या कागदात काय काय बदललंय?"

त्रिवेणीला स्लाइड आठवली, शुक्रवारची संध्याकाळ आठवली, आणि तो "ठीक आहेत" हा निरोपही. खोलीचं कुलूप उघडलंच नव्हतं. खोलीचा मालक अमेरिकेत डॅलसला, किल्ली त्याच्या मेहुण्याकडे सिकंदराबादला, आणि मेहुणा दोनदा फोन करूनही आला नाही. अहवालाच्या मागच्या पानांत तिने ते लिहिलं होतं. दोन खांबांपर्यंत पोचता आलं नाही, असं. पण स्लाइडवर ते आलंच नव्हतं, उलट विरुद्धच आलं होतं.

एक उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. खोलीला वर जाळी होती. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी तिने स्टुलावर चढून त्या जाळीतून टॉर्च मारून आत पाहिलं होतं. पोती, एक मोडकी सायकल आणि खांबाची रंग दिलेली एक कड तिला दिसली होती. "बाहेरून पाहणी केली" असं म्हणता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. पाहणी या शब्दात बरंच काही मावतं.

ते तिने उच्चारलं नाही. गप्प राहणं फार लांबलं की ते गोठल्यासारखं दिसतं, हे तिला माहीत होतं, आणि लोक आता खुर्च्यांत पुढे सरकत होते.

तेवढ्यात कौस्तुभ पुढे झाला. "काका, अ‍ॅक्च्युअली हे सॅम्पलिंग कोडप्रमाणेच असतं. प्रत्येक खांब उघडून बघायची गरज नसते. हे जरा टेक्निकल आहे, म्हणजे तुम्हाला..."

"मला काय?" नामदेवराव म्हणाले. "कळणार नाही? अडतीस वर्षं रेल्वेत काढली मी. कोड मलाही माहीत आहेत. कोड म्हणतो म्हणून गाडी थांबत नसते."

"कौस्तुभ," त्रिवेणी म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "थांब. प्रश्न मला आहे."

तो मागे सरला. कान लाल झाले होते त्याचे.

"काका, मला नीट उत्तर द्यायचंय," ती मराठीतच म्हणाली. "आधी तुमचा प्रश्न तुम्ही विचारला तसा सांगते, चुकला तर थांबवा." मग सभेकडे वळून दखनीत, या वेळी एकेक शब्द जसाच्या तसा, "अंकल का सवाल ये है. पीछे के बंद कमरे में दो खंबे हैं. स्लाइड पे लिखा है के सब खंबे देखे. अंकल पूछ रहे हैं, मैं उस कमरे में गई थी क्या."

तिने नामदेवरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"गेले नव्हते," ती म्हणाली. "कुलूप उघडलं नाही. मी दोनदा किल्ली मागितली, मिळाली नाही, आणि तिच्याशिवायच काम पुरं केलं. जाळीतून टॉर्चने आत बघितलं, पण त्याला तपासणी म्हणत नाहीत. स्लाइडवर अठरा लिहिलंय ते चूक आहे. सोळा हवं होतं. स्लाइड सभेपुढे आणण्याआधी मी वाचायला पाहिजे होती, वाचली नाही. अहवालात मागे ते बरोबर लिहिलंय, पण मागची पानं कुणी वाचत नाही हे मला माहीत आहे. म्हणून ते इथे बोलायला हवं होतं."

हेच ती तेलुगूत आणि दखनीत बोलली, आणि त्यातून काहीही वगळलं नाही. बोलून झाल्यावर ती थांबली. पुढे "परंतु" म्हणायची तिला फार इच्छा झाली. परंतु सोळा खांबांचं काम किती बारकाईने केलं, परंतु मेहुण्याने किती त्रास दिला. ते तिने गिळलं.

गलका झाला. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ तेलुगूत म्हणाले की मग सगळा अहवालच फुकट गेला. कुणी म्हणालं, दुसरी फर्म आणा. सुधाकर रावांच्या चेहऱ्यावर त्रिवेणीबद्दलचा राग सरळ दिसत होता. त्यांनी हात वर करून तेलुगूत सांगितलं की हा मुद्दा पुढच्या सभेत घेऊ, नामदेवराव गारूंचं आता पुरे झालं.

त्रिवेणीला नेमकी हीच भीती होती. पुढची सभा म्हणजे सणांनंतर.

"त्यांचं पुरं होऊ दे सर," ती म्हणाली. "पण आधी या साहेबांचं. अहवाल फुकट गेला का, असं तुम्ही विचारता. सोळा खांबांबद्दल तो जेवढा खरा होता तेवढाच आहे. तिथले आकडे त्या खोलीवर अवलंबून नाहीत. त्या दोन खांबांबद्दल मात्र तो काहीच सांगत नाही. चांगले आहेत असंही नाही आणि वाईट आहेत असंही नाही."

"मग अंदाज सांगा," नामदेवराव म्हणाले. "तुम्ही इंजिनियर. बाकीच्यांवरून अंदाज येत नाही?"

"अंदाज आला तरी सांगणार नाही काका. मी चांगले म्हणाले तर तुम्ही निश्चिंत व्हाल आणि वाईट म्हणाले तर घाबराल, आणि दोन्ही वेळा माझ्याकडे पुरावा काहीच नसेल."

"वा. पण पुढचे चार पडणार, हे छातीठोक सांगता."

"पडणार असं मी म्हटलं नाही. कधी पडतील हे मला माहीत नाही, आणि कुणी तारीख सांगितली तर विश्वास ठेवू नका. मला एवढंच माहीत आहे की त्यांच्यावर जेवढं वजन आहे तेवढं पेलण्याची त्यांची खात्री मी आज देऊ शकत नाही. म्हणून वजन कमी करा आणि टेकू लावा म्हणते."

त्रिवेणीला वाटलं, संपलं. पण नामदेवराव खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून आणखी थोडे ताठ झाले.

"आता खरं विचारतो. रोग तुम्ही सांगायचा, आणि औषधही तुमच्याच दुकानातून घ्यायचं. असंच ना? ही दुरुस्ती निघाली की कंत्राट कुणाला?"

कौस्तुभने खाली पाहिलं. असल्या प्रश्नावर केळकर सरांचं ठरलेलं उत्तर त्याने फोनवर ऐकलेलं होतं. आमची फर्म तीस वर्षं जुनी आहे, आमच्यावर असा संशय म्हणजे अपमान आहे, वगैरे.

"दुरुस्ती आम्ही करत नाही," त्रिवेणी म्हणाली. "पण दुरुस्तीवर देखरेख लागते, आणि बहुतेक वेळा लोक आम्हालाच बोलावतात. त्याचे पैसे मिळतात. म्हणजे दुरुस्ती निघाली तर आमचा फायदा आहे, तुमचा संशय बिनबुडाचा नाही. तेव्हा देखरेखीला दुसरं कुणी नेमा. अहवालही दुसऱ्या इंजिनियरला दाखवा, चार नावं मी देते, किंवा माझ्याकडून घेऊच नका. फक्त त्याचं मत येईपर्यंत टेकू थांबवू नका. ते भाड्याने मिळतात, आणि चुकीचे ठरले तर काढून परत करता येतात."

हे तिने नामदेवरावांकडे बघून सुरू केलं, पण संपवताना ती मागच्या रांगांकडे बघत होती. तिथे एक-दोन माना हलल्या. फरहाना बेगम शेजारणीच्या कानाशी काहीतरी बोलल्या.

"पण त्या दोन खांबांचं काय?" नामदेवराव म्हणाले. आवाज आता जरा खाली आला होता. "तिथेही टेकू लावायला सांगणार?"

"हो. तपासेपर्यंत तिथेही."

"एकीकडे म्हणता माहीत नाही, आणि वर टेकूही लावा म्हणता."

"माहीत नाही म्हणूनच लावा म्हणते काका."

नामदेवराव मग जे बोलले ते सभेला नव्हतंच. "आज टेकू. उद्या म्हणाल घर खाली करा. माझी मंडळी दीड वर्षं पलंगावर आहे. उठवून बसवायला दोन माणसं लागतात. तिला मी कुठे नेऊ?"

बाहेर गल्लीत गाडी मागे घेताना होणारी पिकपिक तेवढी ऐकू येत होती.

अशा वेळी म्हणायची वाक्यं त्रिवेणीला पाठ होती. तशी वेळ येणार नाही, काळजी करू नका, आम्ही आहोत ना. यातलं कुठलंही म्हटलं असतं तर सभा तिच्या बाजूने वळली असती.

"आज मी घर खाली करा म्हणत नाही," ती म्हणाली. "बुधवारनंतर म्हणेन की नाही, ते आज सांगता येत नाही. बुधवारी ती खोली उघडून दोन्ही खांब मी स्वतः तपासते. जे निघेल ते सभेआधी तुम्हाला सांगेन. इतर कुणाच्या आधी तुम्हाला."

"आणि कुलूप?"

त्यावर सुधाकर रावांनी पहिल्यांदा काही उपयोगाचं केलं. डॅलसच्या मालकाला तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिकडे उशीर झाला होता, माणूस वैतागलेला होता, पण आपल्या नावावरच्या खोलीवरून अख्खी सभा अडली आहे हे ऐकल्यावर म्हणाला, "तोडा कुलूप. माझ्या सायकलीशिवाय आत काही नाही."

ठराव झाले. टेकूचा जवळजवळ एकमताने, टाकीचा थोड्या मतांच्या फरकाने. नामदेवरावांनी दोन्ही वेळा हात वर केला नाही. विरोधातही केला नाही. सभा संपल्यावर त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून भिंतीशी नेऊन ठेवली आणि कठड्याला धरून वर गेले.

परतताना गाडी कौस्तुभ चालवत होता. काचीगुड्याच्या चौकात सिग्नल लागला तेव्हा म्हणाला, "मी सॉरी. स्लाइडचं."

"स्लाइड मी पास केली होती."

"पण ते 'टेक्निकल आहे' म्हणालो..."

"ते नको होतं. मी त्याआधी जे केलं तेही नको होतं. तू त्यांना कळत नाही म्हणालास, मी त्यांचा प्रश्न बदलला. त्यांच्या लेखी दोन्ही एकच."

"तुम्ही जाळीतून बघितलं होतं ना? ते सांगून सुटता आलं असतं."

"आज सुटलो असतो," त्रिवेणी म्हणाली. तिने सीटवर डोकं टेकवलं. "चालव."

केळकरांचा फोन दुपारी आला. सुधाकर राव त्यांच्याशी बोलले होते. केळकर ओरडत नसत, अगदी हळू बोलत. इतक्या लोकांसमोर चूक मान्य करायची काय गरज होती, असं त्यांचं म्हणणं. मागच्या पानात लिहिलं होतं, तेवढं दाखवलं असतं तरी पुरे होतं. आता पुढच्या प्रत्येक सभेत लोक आपले अहवाल उलटून-पालटून बघणार.

"बघू देत," त्रिवेणी म्हणाली. "पुढच्या सभेला तुम्ही येता का?"

केळकरांनी विषय बदलला.

बुधवारी कुलूप तोडायला कामगार आला. पोती बाहेर काढली, सायकल काढली. आत कुबट वास होता. रंग दिलेली कड हातोडीच्या पहिल्या ठोक्यालाच पोकळ वाजली आणि दुसऱ्या ठोक्याला गिलाव्याचा मोठा तुकडा खाली आला. सळई दिसली, फुगलेली, पापुद्रे सुटलेली. कुठल्यातरी नळाचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीतून झिरपत खांबात गेलं होतं. त्रिवेणीने काँक्रीटचा ताजा फुटलेला भाग झटकला आणि त्यावर बाटलीतलं औषध फवारलं. निरोगी काँक्रीटवर ते गुलाबी होतं. इथे सळईपर्यंत रंगच आला नाही. सळईच्या मागे, अगदी आत, एक फिकट गुलाबी रेघ उमटली.

दुसरा खांबही तसाच निघाला, जरासा बरा.

नामदेवराव दारात उभे होते. कधी आले ते तिला कळलं नव्हतं.

"रंग आला नाही," ते म्हणाले.

"नाही आला."

"म्हणजे काय?"

"म्हणजे सळईला गंजापासून वाचवणारं जे काँक्रीटमध्ये असतं ते बाहेरून सळईपर्यंत संपलंय. आणि सळईही बरीच खाल्ली गेलीय. पुढच्या चार खांबांपेक्षा हे वाईट आहेत."

"पडेल?"

"सांगता येत नाही."

"बाई, आज तरी."

"आजही नाही काका." तिने बाटलीचं झाकण लावलं. हात चुन्याने पांढरे झाले होते. "पण एक गोष्ट आज नक्की माहीत आहे, रविवारी नव्हती. या खोलीच्या वर कुणी राहू नये. टेकू उद्या सकाळी येतील, तरीही राहू नये. तसं मी आज लिहून देणार आहे. तुम्हाला आधी सांगेन म्हणाले होते."

ते त्या उघड्या सळईकडे बघत राहिले. तिला वाटलं, आता सगळं पुन्हा सुरू होणार, कंत्राट, फर्म, कोड.

"किती दिवसांत?" त्यांनी विचारलं.

"आजपासून जितक्या लवकर जमेल तितक्या."

"पोरगी लिंगमपल्लीला आहे. तिसरा मजला, पण लिफ्ट आहे." ते स्वतःशीच हिशेब करत होते. "आता मला हे सांगा. तिचा पलंग लोखंडी आहे, डोकं वर करता येतं तो. आपला जिना मधे वळतो. वर आणताना सुटा करून आणला होता. तिला त्याच्यावरच ठेवून उतरवता येईल का?"

"बघितल्याशिवाय नाही सांगता येणार."

"हे तुमच्या अहवालात येत नसेल."

"नाही येत."

सोबत आलेला कौस्तुभ त्याचा फोन पुढे करत होता, केळकरांचं नाव दिसत होतं त्यावर. "नंतर करते म्हणून सांग," त्रिवेणी म्हणाली. तिने हात पोत्याला पुसले, बॅगेतून मोजायची टेप काढली आणि नामदेवरावांच्या मागून जिना चढू लागली. ते प्रत्येक पायरीवर थांबत होते, आणि घाई तिलाही नव्हती.